धुळीच्या ढिगांवरून ध्वनीचा वेग

नमस्कार श्रोतेहो. आडवी ठेवलेली काचेची नळी, आत चिमूटभर हलकी भुकटी, आणि एका तोंडातून आत शिरलेला पितळी दांडा. दांडा घासला की तो कर्कश किंचाळतो आणि भुकटी ठरावीक अंतरांवर गोळा होते. ऑगस्ट कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने 1866 साली मांडलेला हा प्रयोग.

दांडा एक मीटरचा घ्या आणि बरोबर मध्यावर, पन्नास सेंटिमीटरवर, क्लॅम्पमध्ये घट्ट आवळा. मध्य चुकला तर दांडा नीट वाजतच नाही. नळीतल्या टोकाला हलकी चकती बसवा, नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान. ती काचेला घासता कामा नये. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी मागेपुढे सरकणारा दट्ट्या असतो. भुकटी लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची किंवा बुचाची, पण अगदी थोडी. आणि नळी कोरडी हवी, कोरडीठाक हवी. जरा ओल राहिली की भुकटी काचेला चिकटते आणि दांडा कितीही वाजवा, हलत नाही.

आता बाहेरचा अर्धा भाग राळ लावलेल्या फडक्याने धरा आणि क्लॅम्पकडून मोकळ्या टोकाकडे लांब ओढा. आवळून धरलंत तर आवाज दबतो, सैल धरलंत तर फडकं नुसतं घसरतं. दट्ट्या थोडा थोडा सरकवत राहा. एका जागी भुकटी एकदम उसळते, तिथेच थांबा. ओढण्याआधी नळी जराशी फिरवून भुकटीची रेघ काचेच्या कडेला चढवली, तर नक्षी जास्त स्पष्ट उमटते: हवा जोरात हलते तिथली भुकटी खाली घसरते आणि हवा स्तब्ध असते त्या निस्पंदांपाशी ती वरच टिकून राहते.

लगतच्या दोन निस्पंदांमधलं अंतर म्हणजे हवेतली अर्धी तरंगलांबी. मध्यावर धरलेल्या दांड्याची पूर्ण लांबी म्हणजे धातूतली अर्धी तरंगलांबी. वारंवारता दोन्हीकडे एकच. म्हणून दांड्याची लांबी भागिले ढिगांतलं अंतर, एवढंच वेगांचं गुणोत्तर. पुन्हा सांगतो: दांड्याची लांबी भागिले ढिगांतलं अंतर.

समजा नऊ निस्पंद मिळाले आणि पहिल्यापासून नवव्यापर्यंतचं अंतर 79.2 सेंटिमीटर भरलं. नऊ निस्पंदांत गाळे आठ, नऊ नव्हेत! एक गाळा 9.9 सेंटिमीटरचा. शंभर भागिले 9.9, म्हणजे सुमारे 10.1. हवा 27 अंश सेल्सिअसला असेल तर तिच्यातला वेग सेकंदाला 347 मीटर, म्हणून पितळेतला सुमारे 3500. तापमान टिपायला विसरू नका, आणि मोजणी चकतीपासून सुरू करू नका. चकती म्हणजे नेमका निस्पंद नव्हे. उत्तर दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत लिहिण्याची हौस मात्र मला कधीच पटलेली नाही. ढिगाची कडाच दोन-तीन मिलिमीटर पसरलेली असते, मग ते आकडे येतात कुठून?

आता दांडा तोच ठेवा आणि नळीतली हवा बदला. इथे ही साधी नळी एका मोठ्या वादात साक्षीला उभी राहिली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं होतं. त्याचा माग काढत त्यांना आणि विल्यम रॅम्झी यांना 1894 मध्ये एक नवा वायू सापडला, आरगॉन. त्याचा रेणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे चाळीस पट जड. पण त्या रेणूत अणू किती? दोन असतील तर अणुभार वीस, एकच असेल तर चाळीस. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव यांना तर हा तीन अणूंचा नायट्रोजनच असावा अशी शंका होती.

वायू कशाशीच संयोग पावत नव्हता, त्यामुळे रसायनशास्त्राचे नेहमीचे मार्ग बंद. उरला ध्वनी. रेणूचं वजन आणि तापमान ठरलेलं असेल तर वायूतला वेग त्याच्या दोन विशिष्ट उष्मांच्या, म्हणजे स्थिर दाबाखालच्या आणि स्थिर आकारमानातल्या, गुणोत्तरावर ठरतो: द्विअणू वायूंना ते 1.4 च्या आसपास, एकअणू वायूला 1.67. कुंट आणि वारबुर्ग यांनी 1876 मध्येच पाऱ्याच्या वाफेसाठी हा मोठा आकडा नळीतून काढून दाखवला होता. आपल्याच दांड्यावर हिशेब करून बघा. द्विअणू आरगॉन असता तर ढीग सुमारे 8.4 सेंटिमीटरवर पडले असते; एकअणू असेल तर 9.2 वर. आठ मिलिमीटरचा फरक, साध्या पट्टीने दिसणारा! मोजणीचा कौल एका अणूच्या बाजूने पडला.

त्यातून नवीच अडचण उभी राहिली. आवर्तसारणीत मूलद्रव्यं तेव्हा अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावत. मग चाळीस अणुभाराचा आरगॉन 39 च्या पोटॅशियमच्या आधी कसा बसवायचा? धुळीची मोजणी चुकली असेल, असंही म्हणून पाहिलं गेलं. पण मोजणी बरोबर होती, रांग लावण्याची कसोटी चुकीची होती. 1913 मध्ये मोझली यांच्या क्ष-किरणांच्या मोजमापांनी अणुभाराऐवजी अणुक्रमांक पुढे आणला. आरगॉन अठरावा ठरला, पोटॅशियम एकोणिसावं.