भागायचं कशानं? शंभरानं की पंच्याऐंशीनं?

सत्र संपल्यावर निकालपत्रकात हमखास येणारी एक अडचण आज आकड्यांनिशी बघू. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला वेटेज जाहीर केलं होतं: असाइनमेंट 15, चाचणी 20, सेमिनार 15, सत्रपरीक्षा 50. बेरीज बरोबर शंभर. पुढे वेळापत्रक कोलमडलं आणि सेमिनार सगळ्या वर्गासाठीच रद्द झाला. उरली 85 टक्के.

आता एका विद्यार्थिनीचे गुण घेऊ. असाइनमेंटमध्ये 20 पैकी 18, चाचणीत 30 पैकी 21, सत्रपरीक्षेत 80 पैकी 48. आधी हे सगळे शेकड्यात आणायचे, म्हणजे 90, 70 आणि 60. मग प्रत्येकाला त्याच्या वेटेजनं गुणायचं: 1350, 1400, 3000. बेरीज 5750.

सवयीनं आपण शंभरानं भागतो आणि उत्तर येतं 57.50. जरा थांबून बघा. या मुलीला सर्वांत कमी गुण सत्रपरीक्षेत आहेत, तेही 60. मग सरासरी साठाच्या खाली जाईल कशी? सरासरी ही सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्या मध्येच असायला हवी. ती बाहेर गेली, की छेद चुकला असं खुशाल समजा. इथे छेद 85 हवा. 5750 भागिले 85 म्हणजे 67.65. साठाला प्रथम श्रेणी असेल, तर नुसत्या छेदापायी तिची श्रेणी जात होती.

काही जण आधी वेटेजच नव्यानं काढतात: 15 भागिले 85, 20 भागिले 85, 50 भागिले 85. शेकड्यात 17.65, 23.53 आणि 58.82. गणित तेच आहे, हरकत काही नाही. पण सूचनाफलकावर सुटसुटीत दिसावं म्हणून हेच आकडे 18, 24, 59 असे केले जातात, आणि त्यांची बेरीज होते 101! त्यावरून काढलं तर आपल्या विद्यार्थिनीला 68.40 मिळतात, म्हणजे पाऊण टक्का फुकट. म्हणून माझा आग्रह असा, की मूळ वेटेज तसंच ठेवा, शेवटी वेटेजच्या बेरजेनं भागा आणि पूर्णांकन एकदाच, अंतिम उत्तरावर करा. पडताळणीही सोपी आहे. सगळीकडे शंभरपैकी शंभर मिळवणारा एक काल्पनिक विद्यार्थी तक्त्यात घाला. त्याची सरासरी नेमकी 100 आलीच पाहिजे.

आता 85 नं भागलं म्हणजे आपण नेमकं काय केलं? सेमिनारच्या रिकाम्या जागी त्या मुलीची स्वतःचीच सरासरी, 67.65, भरली. ती भरून शंभरानं भागून बघा, उत्तर तेच येईल. सेमिनार कोणाचाच झाला नाही, तेव्हा हे न्याय्य आहे. त्याऐवजी ते 15 टक्के सत्रपरीक्षेला जोडले असते, तर 66.50 आले असते. तोही एक निर्णय आहे, पण तो वेगळा निर्णय आहे आणि मुलांना तसं आधी सांगायला हवं.

बेरीज शंभर का नाही, हे कळल्याशिवाय मात्र भागाकाराला हात लावू नका. 105 येत असेल आणि वरचे 5 जाहीर केलेले बोनसचे असतील, तर छेद शंभरच राहील. 105 नं भागलंत तर बोनसला अर्थच उरत नाही. आणि 45 ऐवजी 50 टंकलं गेल्यामुळे 105 होत असतील, तर छेद बदलल्यावर उत्तर दिसायला अगदी ठीक येतं आणि चूक पोटात राहते. तिथे वेटेजच दुरुस्त करायचं.

सर्वांत जास्त घोळ होतो गैरहजेरीत. सेमिनार झाला, बाकीच्यांनी दिला, एक जण आलाच नाही. त्याचा रकाना कोरा ठेवून 85 नं भागलं, तर न येण्याबद्दल त्याला त्याची सरासरी बक्षीस मिळते. एक्सेलमध्ये हे नकळत घडतं. वेटेज B मध्ये, शेकड्यातले गुण C मध्ये असतील तर सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUMIF(C2:C5,">=0",B2:B5)
```

ज्या ओळीत गुणांचा आकडा आहे, तिचंच वेटेज हे सूत्र छेदात धरतं. कोरा रकाना सुटतो, तसाच `AB` लिहिलेलाही सुटतो, कारण ती अक्षरं आहेत. छेदात नुसतं `SUM(B2:B5)` ठेवलं तर उलट होतं: रद्द झालेला सेमिनारही प्रत्येकाला शून्य देऊन जातो. म्हणून गैरहजर विद्यार्थ्यापुढे स्वच्छ `0` टंका, `AB` शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहा, आणि आजारपणाचा दाखला देऊन ज्याला सूट मिळाली आहे, त्याचाच रकाना कोरा सोडा.