सात पैशांचा टॅक्स आणि दहाची सिगरेट

नमस्कार श्रोतेहो. आज तंबाखूवर बोलायचंय, पण लगेच आवाज बारीक करू नका. "सोडा हो ते" असं सांगायला मी आलेलो नाही, ते सांगणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी असतंच. मला बोलायचंय ते सरकार जे तीन उपाय करतं त्यांच्यावर. पहिला टॅक्स, दुसरा पाकिटावरचं चित्र, तिसरा सार्वजनिक जागेत ओढायला बंदी. या तिन्हींचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर नेमका कुठं अडतो, एवढंच बघायचंय.

पण आधी एक किस्सा. माझ्या ओळखीचे लोक हा ऐकून कंटाळलेत, तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो.

१ फेब्रुवारी २०२३. बजेटचा दिवस. दुपारपासून टीव्हीवर तांबडी पट्टी फिरत होती, सिगरेट महागली, सिगरेटवर १६ टक्के वाढ. (बजेटच्या दिवशी टीव्हीवाले "काय स्वस्त काय महाग" असं भाजी मंडईसारखं ओरडतात ना, ते एकदा बंद व्हायला पाहिजे, त्यात निम्मं चुकीचं असतं. असो.) मी तेव्हा कामानिमित्त कराडला होतो. एस.टी. स्टँडच्या मागच्या रस्त्याला एक पानटपरी आहे, तिथल्या मामांची आणि माझी जुनी ओळख. संध्याकाळी पाचला मी तिथं बाकड्यावर जाऊन बसलो ते साडेसातपर्यंत हललोच नाही. मला बघायचं होतं, की दिल्लीत वाढलेला टॅक्स कराडच्या टपरीवर पोचतो कसा.

तर पोचला. पाच वाजून दहा मिनिटांनी. कॉलेजची दोन पोरं आली, "मामा, दोन द्या". मामांनी दोन दिल्या आणि म्हणाले, बावीस. पोरगं म्हणालं, बावीस कसे, सकाळी वीस होते. मामा म्हणाले, "टीव्ही बघत नाय व्हय रं? सोळा टक्के झालाय." पोरानं वीसची नोट दिली, दोन रुपये सुट्टे नव्हते, मग मित्राच्या खिशातून एक निघाला, एक उधार राहिला.

आता मी तुम्हाला हिशोब सांगतो, लक्ष द्या, सोपा आहे. ती जी १६ टक्के वाढ होती ती सिगरेटच्या किमतीवर नव्हती, सगळ्या टॅक्सवर पण नव्हती. सिगरेटवर तेव्हा जीएसटी होता, त्यावर सेस होता, आणि त्याशिवाय एक राष्ट्रीय आपत्ती शुल्क होतं, ते या तिघांत बारकं. वाढ फक्त त्या बारक्यात. मधल्या लांबीच्या फिल्टर सिगरेटला हजार नगांमागं ते ४४० रुपये होतं ते ५१० झालं. म्हणजे हजार सिगरेटींना ७० रुपये. म्हणजे एका सिगरेटीला किती? सात पैसे. परत सांगतो, सात पैसे. आणि मामांनी वाढवला एक रुपया. शिवाय टपरीतला माल जुना, जुन्या छापील किमतीचा, त्यावर ते सात पैसे पण लागलेले नव्हते.

मी मामांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "सर, मग सात पैशे घेऊ का गिऱ्हाइकाकडनं? हायत का तुमच्याकडं सात पैशे?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तंबाखूच्या टॅक्सवरचा बराचसा अभ्यास त्या एका वाक्यात बसतो.

पण किस्सा इथं संपत नाही. चार दिवसांनी परत येताना मुद्दाम तिथं थांबलो. भाव काय, विचारलं. परत दहा! झालं काय होतं, की स्टँडच्या पलीकडच्या टपरीवाल्यानं दहाच ठेवले होते. शिवाय एक रुपया सुट्टा कुणाकडंच नसतो, मामा नऊ रुपये परत द्यायच्या ऐवजी आठ आणि एक चॉकलेट द्यायचे, पोरं चिडायची. (सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देणं हा गुन्हा ठरवावा या मताचा मी आहे, माझ्या कारच्या डॅशबोर्डमध्ये त्याच्या वड्या वितळून पडल्यात.) थोडक्यात सांगायचं तर दहाची नोट आली की एक सिगरेट जाते, हा तिथला खरा कायदा. सात पैसे त्यात बुडाले. कंपनीनं भरले असतील, एजन्सीवाल्यानं सोसले असतील, ओढणाऱ्याला लागले नाहीत.

आता तिथं बसून दुसरी गोष्ट बघितली ती पाकिटाची. आपल्याकडं एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्यानं भरावा लागतो, जगातल्या मोठ्यात मोठ्या इशाऱ्यांत आपला नंबर लागतो. पण मामा करायचे काय, तर पाकीट फळीच्या खाली फोडायचे, सिगरेटी काढून एका स्टीलच्या पेल्यात उभ्या ठेवायचे, उदबत्तीसारख्या. गिऱ्हाईक पेल्यातली उचलणार, बाजूला सुतळी लोंबकळतेय धुमसत, तिच्यावर पेटवणार, चालला. अडीच तासांत माझ्यासमोर अख्खं पाकीट घेणारे तिघं आले, फक्त तिघं. बाकी सगळी सुट्टी. म्हणजे ते सडलेल्या गळ्याचं चित्र बघितलं कुणी? मामांनी. आणि रिकामं पाकीट मामा टाकत नाहीत, फाडून उलगडतात, आतला पांढरा पुठ्ठा उधारी लिहायला वापरतात. एका बाजूला कॅन्सर, दुसऱ्या बाजूला "बंड्या ३१, ड्रायव्हर पवार ५०". आणि फळीवर ठेवताना चित्र खाली, आकडे वर.

आणि हो, महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट-बिडी विकायला सप्टेंबर २०२० मध्येच बंदी झालीय. मामांना विचारलं तर म्हणाले, "आसंल." एवढंच.

बरं, किस्सा झाला, आता वेळ थोडा उरलाय, त्यामुळं मुद्द्याचं पटापट.

टॅक्सनं खप कमी होतो का? होतो, आणि तीन उपायांत याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. आपल्यासारख्या देशांत भाव १० टक्के वाढला की खप साधारण ५ टक्के घटतो, आणि तरुण पोरं आणि गरीब माणूस यांच्यात जास्त घटतो कारण त्यांच्या खिशाला आधी लागतं. पण भाव वाढला पाहिजे, टॅक्स नाही, भाव. आणि पगारापेक्षा जास्त वाढला पाहिजे. जीएसटी आल्यावर सिगरेटचा सेस जुलै २०१७ मध्ये वाढवला आणि मग वर्षानुवर्षं तिथंच ठेवला, तेवढ्यात लोकांचं उत्पन्न वाढलं, म्हणजे कागदावर टॅक्स तोच आणि सिगरेट मात्र परवडायला सोपी. त्यात टॅक्स लांबीवर. वरच्या लांबीला जास्त, खालच्या लांबीला कमी, मग कंपन्यांनी ६४ मिलिमीटरची फिल्टर सिगरेट काढली, का तर ६५ ला टॅक्सचा पट्टा बदलतो. एका मिलिमीटरचा खेळ! फेब्रुवारी २०२६ पासून सेस काढून परत उत्पादन शुल्क बसवलं, ते एका सिगरेटीमागं रुपयांत आहे, पैशांत नाही, त्यामुळं दहाच्या नोटेचं गणित या वेळेला तरी हलायला हवं. बिडीचं मात्र उलटं. तिच्यावर हा जीएसटीचा सेस कधी लावलाच नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलनं तिचा दर २८ वरून १८ करायचा ठरवला. टॅक्स वाढवला तर बिडी वळणाऱ्या बायकांचा रोजगार जातो म्हणतात, पण त्या बायकांना हजार बिड्यांना मिळतं काय ते कुणी विचारत नाही. सिगरेट महाग आणि बिडी स्वस्त केली की माणूस सोडत नाही, खाली उतरतो.

चित्राचं काय? केंद्र सरकारचे दोन मोठे सर्व्हे आहेत, २००९-१० आणि २०१६-१७. चित्र बघून सोडायचा विचार आला असं म्हणणारे सिगरेटवाले ३८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास गेले. पण विचार आला म्हणजे सोडली असं नाही, विचार मला पण रोज सकाळी पळायला जायचा येतो. तरी चित्रांनी काम केलंय असं मी म्हणेन, फक्त ते पाकीट हातात घेणाऱ्यावर होतं. पेल्यातून उचलणाऱ्यावर कसं होणार?

आणि बंदीचं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी, दंड २०० रुपयांपर्यंत, केंद्राच्या कायद्यात तेव्हा पण २०० आणि आज पण २००. त्याच दोन सर्व्हेंत एक आकडा आहे जो मला कायम चक्रावतो. बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी कामावर दुसऱ्याचा धूर घ्यावा लागणारे आधी ३० टक्के होते, नंतर पण ३० टक्केच. जिथं कायदा आहे तिथं काही हललं नाही. आणि घरात धूर घेणारे ५२ वरून ३९ टक्क्यांवर आले, जिथं कायदा लागूच नाही! हे एकट्या कायद्यामुळंच झालं असा अर्थ काढू नका, मधल्या काळात ओढणारेच कमी झाले होते. पण माझा अंदाज असा, की बाहेर पाटी लागली म्हणून घरातल्या बाईला "गॅलरीत जा" म्हणायचं बळ आलं. ऑफिसात मात्र साहेबच ओढत असेल तर पावती फाडणार कोण.

एक राहिलं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्व्हेत साधारण २७ टक्के मोठी माणसं तंबाखू वापरत होती, आणि त्यातली बहुतेक ओढणारी नव्हेत, तोंडात ठेवणारी. माझी आत्या मशेरी लावायची. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर तो ठसका, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग हातानं चुरून एका जुन्या पावडरच्या डब्यात. त्या डब्यावर एका हसणाऱ्या बाळाचं चित्र होतं.