आयर्न कॉन्डोर : विंग किती रुंद ठेवायची, आणि बाजार एका बाजूला धावला तर

नमस्कार. कॉल म्हणजे काय, पुट म्हणजे काय, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. आयर्न कॉन्डोर काय असतो हेही बहुतेकांना माहीत असेल: खाली एक पुट स्प्रेड विकायचा, वर एक कॉल स्प्रेड विकायचा, आणि बाजार मधे राहिला तर दोन्हीकडचा प्रीमियम आपला. हे सांगायला एक मिनिट लागतं. गोंधळ पुढे होतो. विकत घ्यायचे ते बाहेरचे दोन ऑप्शन किती लांब घ्यायचे, आणि बाजार एका बाजूवर चालून आला की काय करायचं, हे लोक दोन वेगळे प्रश्न समजतात. मला आज एवढंच सांगायचं आहे की पहिल्याचं उत्तर देताना दुसऱ्याचं उत्तर निम्मं ठरून जातं.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. निर्देशांक १०,००० वर आहे, एक्स्पायरीला ४० दिवस आहेत, आयव्ही, म्हणजे पुढे किती चढउतार होईल याचा किमतींत धरलेला अंदाज, साधारण १६ टक्के. किमती मी मॉडेलने काढून पूर्णांकात बसवल्या आहेत. ९,५०० चा पुट ५८ ला विकला, डेल्टा, म्हणजे निर्देशांक एक पॉइंट हलला की ऑप्शनची किंमत किती हलते तो आकडा, साधारण ०.१८. १०,५०० चा कॉल ४० ला विकला, डेल्टा ०.१६. दोन्ही सारख्याच अंतरावर, तरी पुट महाग आहे. खालच्या बाजूची भीती बाजार किमतीत धरतो, म्हणून निर्देशांकांत हा कल जवळजवळ नेहमी दिसतो. आता २०० पॉइंटांची विंग, म्हणजे विकलेल्या आणि विकत घेतलेल्या स्ट्राइकमधलं अंतर २००: ९,३०० चा पुट ३४ ला घेतला, १०,७०० चा कॉल १६ ला घेतला. दोन्ही बाजूंनी २४, एकूण ४८ पॉइंट हातात. एक्स्पायरीला दोन्ही बाजू एकदम तोट्यात जाऊ शकत नाहीत, त्यामुळे जास्तीत जास्त तोटा एका विंगचाच: २०० वजा ४८, म्हणजे १५२. खालचा ब्रेकइव्हन ९,४५२, वरचा १०,५४८.

चारही लेग एकाच ऑर्डरमध्ये टाका. एकेक लेग टाकत बसलात तर मधल्या वेळात बाजार हलतो आणि तुम्ही एका बाजूने उघडे राहता.

आता विंग बदलून बघू. विकलेले स्ट्राइक तेच. विंग १०० ची केली, म्हणजे ९,४०० चा पुट ४५ ला आणि १०,६०० चा कॉल २५ ला घेतला, तर हातात २८ येतात आणि तोट्याची मर्यादा ७२. विंग ४०० ची केली, म्हणजे ९,१०० चा पुट १९ ला आणि १०,९०० चा कॉल ६ ला घेतला, तर हातात ७३ येतात आणि तोट्याची मर्यादा ३२७. टक्केवारी पाहणारा लगेच म्हणतो, शंभरच्या विंगमध्ये रुंदीच्या २८ टक्के मिळतात, चारशेच्यात जेमतेम १८. मग अरुंदच बरी.

पण ही तुलना सरळ नाही. एक ४०० वाला कॉन्डोर आणि एक १०० वाला यांची जोखीम सारखी नाही. जोखीम जवळपास सारखी करायची तर ४०० वाल्या एका कॉन्डोरसमोर १०० वाले चार ठेवायला हवेत. त्या चारांत मिळून ११२ येतात आणि जास्तीत जास्त तोटा २८८. आता समजा एक्स्पायरीला निर्देशांक ९,४०० वर आला. विकलेल्या पुटच्या फक्त १०० पॉइंट खाली. चार अरुंद कॉन्डोरचा पूर्ण तोटा झाला, २८८. २०० वाले दोन असते तर १०४ गेले असते. आणि ४०० वाल्या एकाचा तोटा? २७. बाजार तोच, विकलेला स्ट्राइक तोच.

उलट निर्देशांक ९,१०० पर्यंत कोसळला तर तिघांचा तोटा २८८, ३०४ आणि ३२७, म्हणजे एकाच गल्लीतले. अरुंद विंगमध्ये निकाल जवळजवळ ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा असतो. रुंद विंगमध्ये थोडं चुकलं तर थोडंच जातं. हे थोडं चुकणं नेहमीचं असतं, म्हणून मला हा फरक टक्केवारीपेक्षा मोठा वाटतो.

खर्चाचंही बघा. प्रत्येक लेगमागे बिड-आस्कमध्ये एकेक पॉइंट गेला असं धरा. चार अरुंद कॉन्डोर म्हणजे सोळा पॉइंट गेले, ११२ पैकी. रुंद एकात चार गेले, ७३ पैकी. आणि हा फक्त आत शिरण्याचा खर्च झाला. मधेच बाहेर पडायचं, रोल करायचं, तर तेवढाच पुन्हा.

मग सगळ्यांनी रुंदच ठेवावी का? तसंही नाही, आणि इथेच स्टॉपचा मुद्दा येतो. पुष्कळ लोक नियम पाळतात की जेवढा प्रीमियम घेतला त्याच्या दुप्पट किंमत देऊन बंद करायची वेळ आली की बंद करायचं. म्हणजे तोटा प्रीमियमएवढा. १०० च्या विंगमध्ये ही पातळी ५६ ला येते, पूर्ण रुंदीच्या निम्म्याहून पुढे. तोवर निर्देशांक बहुतेक विकलेल्या स्ट्राइकच्या खाली गेलेला असतो, आणि त्यापुढे जास्तीत जास्त ४४ जायचे उरलेले असतात. तिथे स्टॉप लावून फारसं काही वाचत नाही. विंग हाच तुमचा स्टॉप. ४०० च्या विंगमध्ये तीच पातळी १४६ ला येते आणि त्यापुढे आणखी २५४ जायची सोय असते. तिथे स्टॉप पाळला नाही तर रुंद विंगचा सगळा फायदा वाया जातो. त्यामुळे दिवसातून एकदा स्क्रीन बघणाऱ्याने अरुंद विंग ठेवून संख्या कमी ठेवावी. दिवसभर लक्ष ठेवणाऱ्याने, आणि ठरवलेल्या पातळीला खरोखर बाहेर पडणाऱ्याने, रुंद विंग घ्यावी. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र निकालाच्या रात्री भाव सरळ स्टॉपच्या पलीकडे उघडतो. तिथे रुंदी तुमच्या कामाला येत नाही.

आता २०० वाला घेऊन पुढे जाऊ. पंधरा दिवस गेले, २५ उरले, निर्देशांक ९,६५० वर आला आणि घसरणीबरोबर आयव्ही वाढली. ९,५०० चा पुट आता १२९ चा झाला, ९,३०० चा ७४ चा. पुट स्प्रेड ५५. कॉल स्प्रेड उरलाय २ चा. सगळं बंद करायला ५७ लागतील, घेतले होते ४८. तोटा फक्त ९. विकलेल्या पुटचा डेल्टा मात्र ०.१८ वरून ०.३७ वर गेला आहे. लोक इथे फक्त तो ९ चा आकडा बघतात आणि निर्धास्त राहतात. बाजू अंगावर आली आहे हे डेल्टा सांगतो, मी ०.३० च्या आसपासच हालचाल सुरू करतो.

नेहमीची ॲडजस्टमेंट अशी: जी बाजू धोक्यात नाही ती जवळ आणायची. १०,५००–१०,७०० चा कॉल स्प्रेड २ ला परत घ्यायचा आणि १०,१००–१०,३०० चा २१ ला विकायचा. नवीन विकलेल्या कॉलचा डेल्टा ०.१५ च्या आसपास. हातात आणखी १९ आले, एकूण ६७. तोट्याची मर्यादा १५२ वरून १३३ वर आली, खालचा ब्रेकइव्हन ९,४३३ झाला. यात वाईट काही दिसत नाही, म्हणून लोक हे डोळे झाकून करतात.

वाईट दुसऱ्या टोकाला आहे. विकलेल्या स्ट्राइकमधलं अंतर १,००० होतं ते ६०० झालं. घसरणीनंतर बाजार उसळी मारतो हे काही दुर्मीळ नाही. एक्स्पायरीला निर्देशांक १०,२५० वर गेला तर मूळ कॉन्डोरमध्ये पूर्ण ४८ चा नफा झाला असता. आता कॉल स्प्रेडचे १५० द्यावे लागतील. ६७ वजा जाता तोटा ८३. खालच्या बाजूला १९ पॉइंटांचा आधार मिळाला, त्याची किंमत ही. म्हणून कॉल बाजू खाली आणायची ती एकदाच, आणि नव्या कॉलचा डेल्टा ०.१५ ते ०.२० च्या वर नको. पुन्हा पुन्हा आणत गेलात तर कॉल आणि पुट एकाच स्ट्राइकवर येतात, त्याचा आयर्न फ्लाय होतो आणि कुठल्याही दिशेला हललं तरी दुखतं.

समजा उसळी आलीच नाही. १२ दिवस उरलेत, निर्देशांक ९,४८०. पुट स्प्रेड ७६, कॉल स्प्रेड २, बंद करायला ७८. घेतले होते ६७. तोटा ११. कॉल खाली आणला नसता तर इथे तोटा २८ असता, म्हणजे ॲडजस्टमेंटने आपलं काम केलं. पण आता थांबायचं का? थांबलो तर इथून आणखी ७८ मिळू शकतात आणि आणखी १२२ जाऊ शकतात. आयव्ही २१ टक्के आहे, म्हणजे एका दिवसाची नेहमीची हालचाल शंभर-सव्वाशे पॉइंट, विंगच्या निम्म्याहून जास्त. गॅमा, म्हणजे डेल्टा बदलण्याचा वेग, असा वाढल्यावर कालचा तोटा ११ आणि आजचा ४० असं सहज होतं. मी इथे बंद करतो. खरं तर २१ दिवस उरले की नफा-तोटा काही असो बाहेर पडायचं, असा नियम पुष्कळ जण ठेवतात, तो याच गॅमासाठी. मला तो पटतो, जरी त्यात कधीकधी आयता नफा हातचा जातो.

मागून प्रश्न आलाय: बंद कशाला, पुढच्या महिन्यात रोल का नको, म्हणजे हा स्प्रेड परत घेऊन तोच पुढच्या एक्स्पायरीचा का विकू नये? रोल करा, पण वेळेत. आत्ता निर्देशांक विकलेल्या स्ट्राइकपाशीच आहे, त्यामुळे ७६ ला परत घेऊन पुढच्या महिन्यातला तोच स्प्रेड साधारण ८० ला विकला जाईल; चार पॉइंट हाती, तेही चार व्यवहारांचा खर्च जायच्या आधी. निर्देशांक ९,३५० ला गेल्यावर मात्र उलटं होतं. पैशात आलेला जवळच्या एक्स्पायरीचा स्प्रेड एक्स्पायरीच्या किमतीकडे, इथे १५० कडे, सरकत असतो. लांबचा तोच स्प्रेड त्याहून स्वस्त असतो, कारण बाजार सावरायला त्याच्याकडे वेळ असतो. मग रोल करायला खिशातून पैसे घालावे लागतात, विंग तेवढीच राहते आणि एकूण तोट्याची मर्यादा तेवढ्याने वाढते. पैसे घालून केलेला रोल मी करत नाही. ती नवी पोझिशन आहे, आणि नवी म्हणून आज घेतली असती का ते बघायचं.

आणि हे सगळं रोखीत मिटणाऱ्या, फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणाऱ्या ऑप्शनचं झालं. ज्या बाजारात शेअरचे ऑप्शन कधीही वापरता येतात तिथे पैशात खोल गेलेला विकलेला कॉल एक्स-डिव्हिडंड तारखेच्या आदल्या दिवशी अंगावर येऊ शकतो. कॉलमध्ये उरलेली वेळेची किंमत लाभांशापेक्षा कमी झाली की समजा, उद्या सकाळी शेअर द्यावे लागतील.