डाळिंबी साडी आणि पांढरी पार्श्वभूमी

[दृश्य: इंदूर, रामबाग. वरच्या मजल्यावरची खोली, उत्तरेची खिडकी. टेबलावर घडी घातलेली डाळिंबी माहेश्वरी साडी.]

निवेदन:
महेश्वर इथून साधारण ९० किलोमीटरवर. तिथल्या मागावरून उतरलेली ही साडी. उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुती, काठ बुगडीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. आज ती ऑनलाइन विकायला लावायची आहे. साधन एकच, खिशातला फोन.

पहिला फोटो काढून बघूया. मागे पांढरा कागद, पुढे साडी, बटण दाबलं.

[दृश्य: फोनचा पडदा. कागद राखाडी, साडी जवळजवळ तपकिरी.]

कागद पांढरा होता, फोटोत तो राखाडी दिसतो. फोन बिघडलेला नाही. समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असावं, असा कॅमेऱ्याचा हिशेब असतो. चौकटीत पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळंच दाबून टाकतो. कागदाबरोबर साडीही काळवंडते.

मग उपाय सोपा वाटतो: पडद्यावर बोट ठेवायचं आणि सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं. कागद लगेच पांढरा होतो. साडीकडे मात्र आता नीट बघा.

[दृश्य: दुसरा फोटो मोठा करून. साडीचा अंगभाग एक सपाट लाल ठिगळ. चुण्या आणि विणीच्या रेघा गायब.]

डाळिंबी, राणी, कुंकवाचा लाल, या रंगांत लाल प्रकाश फार आणि निळा-हिरवा थोडा. उजेड वाढवला की लाल आधी भरून वाहतो, बाकीचे दोन मागे राहतात. सेन्सरची लालची मर्यादा संपली की चुणीचा उंचवटा आणि खोलगट भाग एकाच आकड्यावर येऊन बसतात. वीण नाहीशी होते, आणि ती नंतर कुठल्याही अ‍ॅपमधून परत आणता येत नाही, कारण फाइलमध्ये ती उरलेलीच नसते.

म्हणजे पेच असा: पार्श्वभूमीला उजेड जास्त हवा, साडीला कमी. एकाच सूर्यचिन्हावर दोघींचं समाधान होत नाही. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरायचा, आणि त्या फोटोवर अक्षरं, लोगो किंवा वॉटरमार्क चालत नाही. फोटो काढण्याआधी आपल्या श्रेणीचं स्टाइल गाइडही वाचावं. कपड्यांत मॉडेल, पुतळा आणि घडी यांचे नियम निराळे असू शकतात.

[दृश्य: टेबल, खिडकी, कागद यांची मांडणी वरून.]

पेच सुटतो तो मांडणीत. पांढऱ्या कार्डशीटचा मोठा ताव भिंतीवरून टेबलावर गोलाईने उतरवायचा, मधे घडी पडू द्यायची नाही. घडीची रेघ फोटोत दोरी ताणल्यासारखी दिसते. हा ताव खिडकीच्या अगदी समोर. साडी त्याच्यापासून दीड-दोन फूट पुढे, खिडकीची चौकट संपते तिथे. खिडकीपासून अंतर वाढलं की उजेड झपाट्याने घटतो, म्हणून आता ताव साडीपेक्षा आपोआप उजळ झाला. साडीच्या दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड उभा करायचा, म्हणजे सावलीकडचा काठ काळा पडत नाही.

खोलीतले दिवे बंद. सगळे. ट्यूबलाइटचा रंग वेगळा आणि खिडकीचा वेगळा. दोन्ही मिसळले की साडीची एक बाजू डाळिंबी आणि दुसरी विटकरी दिसते, आणि फोन दोन्हीकडे एकदम बरोबर राहू शकत नाही. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन सहसा येत नाही, म्हणून ती सोयीची. दुसऱ्या दिशेची असेल तर काचेवर बटर पेपर लावावा. भिंतीचा रंगही तपासावा, कारण पिस्ता रंगाची भिंत आपला हिरवा साडीवर टाकतेच.

[दृश्य: ट्रायपॉडवर फोन, टायमर ३ सेकंद.]

आता फोन. सीन ऑप्टिमायझर किंवा तशा नावाची सोय बंद करायची. लाल दिसला की ती त्याला आणखी भडक करते. अल्ट्रा-वाइड लेन्स नको, त्याने काठ कमानीसारखा वाकतो. नेहमीची लेन्स घ्या, चार-पाच फूट मागे सरका, नंतर कापून घ्या. लांब बाजू १००० पिक्सेलच्या खाली गेली तर ग्राहकाला फोटो झूम करता येत नाही. १६०० च्या वर ठेवली तर निश्चिंती.

साडीवरच बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड कुलूपबंद झाले की सूर्य खाली ओढा, वीण स्पष्ट दिसेपर्यंत. ताव थोडा मळकट दिसेल. दिसू द्या.

तेवढाच मळ पुढे स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये काढायचा. कर्व्ह्जमध्ये वरचं टोक डावीकडे थोडं सरकवलं की आधीच उजळ असलेला ताव २५५ ला टेकतो आणि साडी जवळपास जागेवरच राहते. पार्श्वभूमी आपोआप कापणारी अ‍ॅपं इथे जपून वापरावीत, कारण ती पदराचे गोंडे खातात. गोंडे अर्धे तुटलेले दिसले की ग्राहक साडीच फाटकी समजतो.

एका फोटोच्या चौकटीत कोपऱ्यात ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, ठेवलं असेल, तर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्यावर लावून रंग जाग्यावर येतो, आणि तोच बदल बाकी फोटोंना देता येतो. झेरॉक्सचा कागद या कामाला तितकासा बरा नाही. त्याला पांढरेपणा आणणारं रसायन लावलेलं असतं आणि तो मुळातच जरा निळसर असतो. त्याला प्रमाण मानलं तर साडी पिवळी होते.

[दृश्य: खिडकीत साडीचं टोक, शेजारी फोन.]

शेवटची परीक्षा डोळ्यांची. पडदा पिवळसर करणारं नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट बंद, ब्राइटनेस मध्यम, साडी आणि फोटो शेजारी शेजारी. एका फोनवर जुळलं म्हणून थांबू नये. घरातल्या दुसऱ्या एखाद्या साध्या फोनवरही बघावं. तिकडे फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून गेला तर तो दाबला जातो, आणि हीच दाबलेली प्रत चुकून पुढे अपलोड होते.

माहेश्वरीची एक खोड आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर साडी धूपछाव होते. समोरून एक रंग, तिरपं बघितलं की दुसरा. अशा साडीचा एकच फोटो टाकला तर तो निम्म्या वेळा खोटा ठरतो. समोरून एक आणि तिरपा एक, असे दोन द्यावेत.

[दृश्य: काठ, बुगडी, जवळून.]

बाकी फोटो ग्राहकाच्या मनातल्या प्रश्नांना उत्तर म्हणून काढायचे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा आहे का? तर कोपरा उलटवून दोन्ही बाजू एका चौकटीत. कापड किती पारदर्शक? तर कापडाच्या एकाच थराखाली हात ठेवून फोटो. हा फोटो लावायला विक्रेते कचरतात, आणि नेमकं ‘फार पातळ आहे’ म्हणून साड्या परत येतात. जरीची तार दाखवायची असेल तर उजेड बाजूने, कापडाला घासत जावा. समोरून पडला तर ती पांढरी फटफटीत होते. चटईसारख्या बारीक विणीवर फोटोत लाटा उमटल्या, तर फोन जरा पुढे-मागे करून किंवा किंचित तिरपा धरून पुन्हा घ्या. त्या लाटा विणीच्या आणि पिक्सेलच्या रेघांच्या भांडणातून येतात, साडीत नसतात.

[दृश्य: लॅपटॉप. लिस्टिंगचं पान.]

आता शब्द. विक्रेत्याने आधी असं लिहिलं होतं:

```
Beautiful Designer Latest Party Wear Saree for Women Best Gift
```

यात ग्राहक शोधतो असा शब्द जवळपास एकच, तो म्हणजे साडी. माहेश्वरी नाही, कापड नाही, रंग नाही. मोबाइलवर शीर्षकाचे पहिले काहीच शब्द दिसतात आणि ते सगळे कौतुकात गेले. बदलून:

```
Maheshwari Handloom Silk Cotton Saree, Maroon, Zari Border, 6.3 m with Blouse Piece
```

इथे प्रत्येक शब्दाला जबाबदारी आहे. Handloom लिहायचं ते साडी खरोखर हातमागाची असेल तरच. माहेश्वरी छापाची पॉवरलूमची कापडंही बाजारात भरपूर आहेत. Pure Silk लिहिता येणार नाही, बाणा सुती आहे. खात्री नसेल तर दोन्हींचा एकेक धागा जाळून बघा: रेशमाला जळत्या केसांचा वास येतो आणि राख चुरडली जाते, सूत कागदासारखं जळतं. जरीची तार खऱ्या चांदीची नसेल तर वर्णनात टेस्टेड जर असंच लिहावं.

लांबीचा हिशेब फोडून सांगा. ६.३ मीटर म्हणजे साडी ५.५ आणि ब्लाउज पीस ०.८. पीस साडीला जोडलेला आहे, कापून घ्यावा लागेल, हेही लिहा. ‘ताई, ब्लाउज पीस वेगळा मिळेल ना?’ हा प्रश्न विक्रीनंतर आला तर उशीर झालेला असतो.

आणि डाळिंबी? आपला लाडका शब्द वर्णनात राहू द्या. पण Color Map या रकान्यात यादीतला सर्वांत जवळचा रंग निवडा. ग्राहक रंगाची चाळणी लावतो ती याच रकान्यावर, आणि तिथे डाळिंबी नावाचा खण नाही.

[दृश्य: रिपोर्टचा पडदा.]

पंधरा दिवसांनी अ‍ॅमेझॉनचा विक्रीचा रिपोर्ट उघडायचा. Sessions म्हणजे पानावरच्या भेटी, आणि Unit Session Percentage म्हणजे विकलेले नग भागिले भेटी, गुणिले शंभर. समजा ३०० भेटींत ६ साड्या गेल्या, म्हणजे २ टक्के. फोटो बदलले आणि पुढच्या ३०० भेटींत ९ गेल्या, म्हणजे ३ टक्के. लगेच पेढे वाटू नका. इतक्या कमी नगांत तीन साड्यांचा फरक सणाच्या आठवड्यानेही पडतो. अजून काही आठवडे थांबा, आणि मधे किंमत बदलू नका, नाहीतर कशाचा परिणाम ते कळणार नाही.

आकडा कुठे अडतो तेही बघावं. भेटीच येत नसतील तर दोष मुख्य फोटोत, शीर्षकात किंवा किमतीत. भेटी येतात पण साडी जात नाही, तर आतल्या फोटोंत आणि वर्णनात काहीतरी सांगायचं राहिलंय. साडी जाते आणि ‘रंग वेगळा’ म्हणून परत येते, तर पुन्हा खिडकीपाशी.

[दृश्य: दारात नवीन गठ्ठा. त्यातली डाळिंबी साडी जुन्या फोटोशेजारी.]

महेश्वरहून दुसरी खेप आली. नाव तेच, डाळिंबी. पण सूत दुसऱ्या घाण्यात रंगलंय आणि छटा अर्ध्या बोटाने जांभळीकडे सरकली आहे. जुन्या लिस्टिंगवर नुसता स्टॉक वाढवायचा मोह होतो. त्याआधी नवी साडी खिडकीत धरली, शेजारी जुना फोटो ठेवला. जुळत नाही. ताव पुन्हा लावला, दिवे बंद केले.