कढईतल्या तेलाने पेट घेतला तर

नमस्कार श्रोतेहो. अग्निशमन दलात माझी नोकरीची वर्षं गेली. आज तुमच्याशी एकाच प्रकारच्या आगीबद्दल बोलणार आहे. ती लागते रोजच्या कढईत, आणि विझवायला गेलेल्या माणसाच्या हातूनच भडकते.

दिवाळीच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. आम्हाला वर्दी आली, तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात आग. आम्ही पोचलो तेव्हा ज्वाळा नव्हत्या, पण छत काळंठिक्कर पडलं होतं. ओट्यामागच्या टाइल्सवर, समोरच्या फ्रिजवर, अगदी पंख्याच्या पात्यांवरसुद्धा तेलाचे थेंब उडालेले होते. घरातला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. आईने चकलीसाठी कढईत लिटरभर तेल तापत ठेवलं होतं आणि दार वाजलं म्हणून ती बाहेर गेली. शेजारीण आली होती, बोलणं लांबलं, दहा-बारा मिनिटं गेली असतील. मुलाला वास आला, तो आत धावला, तर कढईवर हातभर ज्वाळा. त्याने माठाशेजारचा तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. तो मला म्हणाला, "काका, मी पाणी टाकलं आणि कढईतून आगीचा लोट छतापर्यंत गेला."

त्याची काय चूक होती? आग लागली की पाणी, हेच आपण लहानपणापासून शिकत आलो. मग इथे पाणी उलटं का फिरलं, ते नीट समजून घेऊ. त्यासाठी स्वयंपाकघराच्या बाहेर जायची गरज नाही.

मिसळीची तर्री डोळ्यांसमोर आणा. तेलाचा लाल तवंग वर, रस्सा खाली. पाणी तेलापेक्षा जड असतं. म्हणजे पेटलेल्या कढईत पाणी ओतलं की ते आगीवर पसरून तिला झाकत नाही, तेलाच्या खाली जातं. आता फोडणी आठवा. कढीपत्ता धुऊन तसाच ओला टाकला की काय तडतडतो, तेलाचे शिंतोडे हातावर येतात. तिथे पानांवर चार थेंब पाणी असतं आणि तेलही फार तापलेलं नसतं. चकली तळायचं तेल साधारण 170 ते 180 अंशांवर असतं. स्वतःहून पेट घेतलेलं तेल असतं साडेतीनशे अंशांच्याही वर. पाणी उकळतं 100 अंशांना. एवढ्या तापलेल्या तेलात शिरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट जागा मागतं. छोटी वाटीभर, म्हणजे 100 मिलिलिटर पाणी घ्या. त्या सगळ्याची वाफ झाली तर ती 170 लिटर होईल, जवळपास एक मोठं पिंप भरून. ही वाफ तेलाच्या खाली तयार होते आणि वर यायला तिच्यापुढे वाट असते ती तेलातूनच. ती तेलाचे बारीक बारीक थेंब उडवत वर फेकते. कढईत तेलाचा फक्त वरचा पृष्ठभाग जळत होता, आता प्रत्येक थेंब चहूबाजूंनी हवेत जळतो. त्या मुलाने पाहिलेला लोट तो हाच.

तर मग करायचं काय? तेलाला जळायला हवा लागते. ती तोडायची.

आधी गॅसचा नॉब बंद करा, पण हात ज्वाळेतून न्यावा लागत नसेल तरच. नॉबपर्यंत पोचता येत नसेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. मग कढईच्या तोंडापेक्षा मोठं धातूचं झाकण घ्या. स्टीलची थाळी, परात, सपाट तवा, काहीही चालेल. काचेचं नको, ते तडकू शकतं. झाकण वरून आपटू नका. ते ढालीसारखं स्वतःच्या आणि ज्वाळेच्या मध्ये तिरकं धरा, कढईची तुमच्याकडची कड त्याने आधी झाकली गेली पाहिजे, आणि तसंच पुढे सरकवत न्या. ज्वाळा तुमच्यापासून लांब ढकलली जाते आणि हात तिच्यावरून जात नाही.

इथवर बरेच जण नीट करतात आणि पुढे चुकतात. दोन मिनिटांनी "विझलं का बघू" म्हणून झाकण उचलतात. आत आग विझलेली असते, पण तेल अजून पेट घेण्याइतकं तापलेलंच असतं. हवा आत गेली की ते काडी न लावता पुन्हा पेटतं, आणि तेव्हा तुमचा चेहरा बरोबर वर असतो. निदान अर्धा तास हात लावू नका. झाकण आणि कढई हाताला गार लागेपर्यंत थांबलात तर आणखी चांगलं.

कढई उचलून सिंककडे किंवा गॅलरीत नेणं हे मला पाण्याइतकंच धोक्याचं वाटतं. चालताना तेल हिंदकळतं, ज्वाळा अंगाकडे वळते, हात पोळला की कढई सुटते आणि मग जळतं तेल पायांवर आणि फरशीवर. कढई आहे तिथेच राहू द्या.

झाकण सापडलंच नाही तर जाड सुती टॉवेल ओला करून, एक थेंबही गळणार नाही इतका घट्ट पिळून, तसाच समोरून पुढे सरकवत पांघरता येतो. पण हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय. खाण्याचा सोडा किंवा मीठ छोट्या आगीवर चालतं, मात्र चिमूटभर नाही, डबाच्या डबा लागतो. आणि तळणाच्या वेळी शेजारीच बेसनाचा डबा उघडा असतो, त्याला चुकूनही हात घालू नका. उडालेलं पीठ हवेतच पेट घेतं.

ज्वाळा चिमणीला किंवा वरच्या कपाटाला लागल्या असतील तर झाकणाच्या नादी लागू नका. सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा. भाजलं असेल तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

तेल पेटण्याआधी सांगतंही. तळणाच्या तेलावर नुसती वाफ दिसते. त्यापुढे निळसर धूर निघू लागतो, तो दाट होतो, डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं. तेवढ्यावर गॅस बंद केला तर पेट घेण्याआधी वेळ हाती असतो. आधी दोन-तीनदा तळलेलं, काळं पडलेलं तेल मात्र लवकर धुरावतं आणि लवकर पेटतं.

त्या घरात मी निघताना त्या बाईंना त्यांची परात आणायला सांगितली आणि गार झालेल्या कढईवर ठेवून पाहिली. परात मोठी होती, पण कढईचे दोन्ही कान काठापेक्षा वर आलेले होते. त्यावर परात टेकून बोटभर फट राहत होती. शेवटी मोठ्या पातेल्याचं सपाट झाकण कानांच्या आत नीट बसलं. तळण सुरू करण्याआधी हे झाकण ओट्यावर हाताशी काढून ठेवत जा, असं मी त्यांना सांगितलं. तुमच्या कढईवर कोणतं बसतं ते आज, कढई गार असतानाच, ठेवून पाहा.