मोठं व्हॉल्यूम आलं म्हणजे तळ लागला का? 13 मार्च आणि 24 मार्च 2020 मधला फरक

नमस्कार मंडळी. मार्केट जरा घसरलं की कॉमेंटमध्ये एकच प्रश्न सुरू होतो: "दादा, आज व्हॉल्यूम बघा, तळ लागला ना?" कोणी लाल कॅण्डलचा स्क्रीनशॉट पाठवतं, कोणी विचारतं की व्हॉल्यूम सरासरीच्या किती पट झालं की घ्यायचं. आज त्यावरच बोलू.

मूळ कल्पना तुम्हाला माहीतच आहे. बरेच दिवस मार्केट पडतं, शेवटी लोकांचा धीर सुटतो, मिळेल त्या भावाला विकतात, व्हॉल्यूम प्रचंड होतं आणि विकणारे संपले की भाव वर फिरतो. यालाच सेलिंग क्लायमॅक्स म्हणतात. हे खरं आहे. अडचण आहे ती "विकणारे संपले" या दोन शब्दांत. ते संपले हे व्हॉल्यूम सांगत नाही. व्हॉल्यूम एवढंच सांगतं की आज खूप माल हातातून हातात गेला.

स्क्रीनवर निफ्टीचा डेली चार्ट बघा. 12 मार्च 2020 ला निफ्टी 868 अंकांनी पडून 9,590 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी 13 मार्चला, सकाळी मार्केट उघडल्यावर काही मिनिटांतच लोअर सर्किट लागलं. 45 मिनिटं व्यवहार बंद. त्या दिवशीचा खालचा भाव 8,555. परत सुरू झाल्यावर मार्केट असं उसळलं की दहा हजारांच्या वर जाऊन 9,955 ला बंद झालं. तळापासून बंद भावापर्यंत एकाच दिवसात 1,400 अंक. खाली भलीमोठी शेपटी असलेली कॅण्डल, धो धो व्हॉल्यूम, सर्किट, घबराट, सगळं एकाच दिवशी. सेलिंग क्लायमॅक्सचं चित्र काढायला सांगितलं तर हेच काढाल.

माझा एक मित्र त्या संध्याकाळी फोनवर म्हणाला, "झालं, धुवून निघालं मार्केट." असं वाटणारा तो एकटा नव्हता.

सोमवारी, 16 मार्चला, निफ्टी 9,197 ला बंद झाला. म्हणजे त्या 1,400 अंकांतले निम्म्याहून जास्त एका दिवसात गेले. मंगळवारी 8,967. बुधवारी 8,468, म्हणजे शुक्रवारचा 8,555 चा तळ तिसऱ्याच सत्रात बंद भावानेही तुटला. आणि 23 मार्चला परत सर्किट लागून निफ्टी 13 टक्के पडला, 7,610 ला बंद.

असं का होतं? पडत्या मार्केटमधली मोठी विक्री बऱ्याचदा विकणाऱ्याच्या मर्जीची नसते. त्याने मार्जिनवर पोझिशन घेतलेली असते किंवा शेअर गहाण ठेवलेले असतात. भाव पडला की ब्रोकर पैसे मागतो, ते आले नाहीत तर त्याचा रिस्क विभाग पोझिशन स्क्वेअर ऑफ करतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या सकाळी दुसऱ्या कोणाचं मार्जिन कमी पडतं. आजचं मोठं व्हॉल्यूम हे उद्याच्या सक्तीच्या विक्रीचं कारणही असू शकतं. बाहेरून, चार्टवर, शेवटची विक्री आणि मधली विक्री अगदी सारखी दिसते. म्हणून "किती पट" या प्रश्नाला आकडा नाही. जो आकडा सांगतो त्याला विचारा, 13 मार्चला तुझा आकडा काय म्हणत होता.

आता खरा तळ बघू. 24 मार्चला निफ्टी 7,511 पर्यंत गेला आणि 7,801 ला बंद झाला. ही कॅण्डल 13 तारखेच्या मानाने साधीच आहे. 25 आणि 26 ला वर, 27 मार्चला 9,040 च्या आसपास जाऊन परत खाली. इथपर्यंत तुम्हाला काहीच कळलेलं नाही. 13 मार्चनंतरही उसळी आलीच होती, नाही का?

यापुढचा भाग मात्र नीट बघा. मार्केट परत पडायला लागलं. 1 एप्रिलला 8,253, मध्ये रामनवमीची सुट्टी, 3 एप्रिलला 8,083. दिवसाचा खालचा भाव 8,055. बातम्या काही सुधारल्या नव्हत्या, देश बंद होता, रुग्ण वाढत होते. तरीही त्या दिवशीची घसरण साधारण 2 टक्क्यांची. दहा दिवसांपूर्वी हेच मार्केट दिवसाला 13 टक्के पडत होतं. 7,511 च्या तळापासून निफ्टी 500 हून जास्त अंक वर थांबला. याला सेकंडरी टेस्ट म्हणतात: पहिल्या तळाकडे परत येणं, पण कमी जोराने, आणि तो न तोडणं. विकणारे संपल्याचा पुरावा इथे मिळतो. विकायला कारण आहे, भावही परत खाली आलाय, आणि तरी माल बाहेर पडत नाहीये.

म्हणून गोंगाटाच्या दिवसापेक्षा मला त्यानंतरचा हा शांत दिवस जास्त मोलाचा वाटतो. स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर त्याचा पाठवा.

7 एप्रिलला निफ्टी 708 अंकांनी वाढून 8,792 ला बंद झाला. 9 एप्रिलला 9,111, म्हणजे 27 मार्चच्या उसळीचा माथा ओलांडला. माझ्या लेखी तळ लागल्याचं पक्कं झालं ते या दिवशी. मला ठाऊक आहे, आता कोणीतरी लिहिणार की तोवर 1,600 अंक निघून गेले. गेले, बरोबर आहे. तळापासून 21 टक्के. पण जानेवारीत निफ्टी 12,362 ला बंद झाला होता, आणि 9 नोव्हेंबर 2020 ला त्याने तो भाव मागे टाकला. 9,111 पासून तिथपर्यंत 35 टक्के शिल्लक होते. आणि 13 मार्चला 9,955 ने घेणाऱ्याला सहा सत्रांत 23 टक्के खाली बघावं लागलं.

काही जण 4 जून 2024 चं उदाहरण देतात. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी निफ्टी 21,281 पर्यंत कोसळला, दुसऱ्याच दिवशी उसळला आणि पुढचे काही महिने तो तळ परत तपासलाच गेला नाही. मान्य, पण आदल्याच दिवशी मार्केट उच्चांकाला होतं. महिनोन्महिने थकलेला, कर्जात अडकलेला विक्रेता तिथे नव्हता. तो एका दिवसाचा धक्का होता, त्याला ही मोजपट्टी लावू नका. उलट 2008 मध्ये 27 ऑक्टोबरला निफ्टी 2,252 ला गेला, त्याची टेस्ट नोव्हेंबरात आली आणि मार्च 2009 मध्ये परत एकदा आली, 2,539 च्या आसपास. म्हणजे दुसरी टेस्ट यायला चार महिन्यांहून जास्त लागले. टेस्ट कधी येईल याचं वेळापत्रक नसतं.

आणखी एक. हे सगळं निर्देशांकाबद्दल आहे. निफ्टीतली वाईट कंपनी काढून दुसरी येते, एकट्या शेअरच्या मागे तसं कोणी नसतं. कंपनीच बुडत असेल तर टेस्ट टिकूनही भाव नंतर तळ तोडतो. शेअरच्या बाबतीत एनएसईच्या साइटवर डिलिव्हरीची टक्केवारी बघा. व्हॉल्यूम प्रचंड आणि डिलिव्हरी किरकोळ असेल तर दिवसभर तोच माल इकडून तिकडे फिरलाय, कोणी घरी नेलेला नाही.

कॉमेंटमध्ये शेअरचं नाव लिहाल तेव्हा तीन आकडे सोबत द्या: घबराटीच्या दिवसाचा खालचा भाव, नंतरच्या उसळीचा वरचा भाव, आणि परत खाली आला तेव्हाचा खालचा भाव. तिसरा आकडा अजून तयार झाला नसेल तर तसं लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन चार्ट घेतो.