स्क्रीनशॉटमधला काठ

नमस्कार श्रोतेहो. मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहता पाहता त्यातली साडी मनात भरते. खाली साडीचं नाव नसतं, दुकानाचं नसतं, आणि विचारलं तरी उत्तर येत नाही. अशा वेळी नुसत्या चित्रावरून ती साडी कुठली, कोण विकतं हे शोधायची सोय आता आपल्या फोनमध्येच असते. बरेच जण ती एकदा वापरून बघतात, भलत्याच साड्या समोर येतात आणि ते नाद सोडतात. चित्र नीट दिलं तर हाच शोध किती पुढे जातो आणि कुठे थांबतो, ते आज एका साडीच्या निमित्ताने सांगते.

आमच्या शेजारी, इंदूरच्या रामबागेत, एक काकू राहतात. भाचीच्या लग्नात नेसायला साडी हवी होती. एका छोट्या व्हिडिओत त्यांना एक साडी दिसली. अंगभर बारीक चौकडा, रंग गुलबक्षीकडे झुकणारा, अरुंद जरीकाठ आणि आडव्या पट्ट्यांचा पदर. त्यांनी लगेच स्क्रीनशॉट घेतला आणि शोधाला लावला. समोर आल्या कांजीवरम, पैठण्या आणि कुठल्याशा गुलाबी घागऱ्याच्या जाहिराती. काकू म्हणाल्या, "अगं, याला काही कळत नाही. रंग बघतंय नुसता."

काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्या चित्रात बाईचा चेहरा होता, गळ्यात ठुशी होती, मागे फुलांची सजावट होती, वर गाण्याचं नाव आणि कडेला हृदयाचं चिन्ह. साडी जेमतेम एक तृतीयांश चित्रात. हा शोध आकार, रंग आणि नक्षी जुळवून सारखी दिसणारी चित्रं काढतो. चित्रात इतकं सगळं भरलेलं असेल तर तो जुळवणार काय? ठळक गुलाबी रंग आणि लग्नाचा थाट, एवढंच त्याच्या हाती लागतं.

म्हणून पहिलं काम व्हिडिओ योग्य जागी थांबवण्याचं. चालताना, वळताना कापड हलतं आणि थांबवलेलं चित्र धूसर येतं. बाई क्षणभर स्थिर उभी आहे, पदर समोर पसरलेला आहे, अशी जागा शोधायची. काकूंना म्हटलं, "ती हात जोडून उभी राहते ना, तिथं थांबवा." व्हिडिओ थांबवल्यावर स्क्रीनवरची बटणं दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं आणि मगच स्क्रीनशॉट घ्यायचा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की तो निघतो. काकूंकडून असे तीन घेतले. एकात पदर, एकात खांद्यावरचा काठ, एकात निऱ्या.

आता हे चित्र शोधाला द्यायचं कुठून? अँड्रॉइडवर गूगल फोटोज उघडून स्क्रीनशॉटवर गेलात की लेन्सचं, म्हणजे गूगलच्या चित्रशोधाचं, चिन्ह दिसतं, ते दाबायचं. २०२४ पासून काही फोनवर याहून सोपी सोय आली आहे. व्हिडिओ थांबवायचा, खालचं होमचं बटण किंवा खालची आडवी पट्टी दाबून धरायची आणि हव्या त्या वस्तूभोवती बोटाने गोल काढायचा. आयफोनवर २०२५ च्या आयओएस २६ पासून स्क्रीनशॉट घेतल्यावर तिथेच चित्रशोधाचा पर्याय येतो आणि वस्तूवर बोट फिरवून तेवढाच भाग शोधता येतो. मात्र त्याला १५ प्रो किंवा त्यानंतरचा, ॲपल इंटेलिजन्स चालणारा फोन लागतो. जुन्या आयफोनवर गूगलचं ॲप घेऊन शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हातून तोच स्क्रीनशॉट निवडता येतो.

खरी मेख पुढच्या पायरीत आहे, आणि नेमकी तीच लोक गाळतात. लेन्स उघडलं की चित्रावर एक चौकट येते. तिचे कोपरे बोटाने ओढता येतात. काकूंच्या चित्रात ती आधी पूर्ण बाईभोवती होती. कोपरे ओढून आम्ही ती फक्त काठावर आणि त्याला लागून असलेल्या चार बोटं चौकड्यावर आणली. चेहरा बाहेर, दागिने बाहेर, फुलं बाहेर. लगेच खालची चित्रं बदलली. कांजीवरम गेल्या, आणि दोनच नावं पुन्हा पुन्हा यायला लागली. महेश्वरी आणि नारायणपेठ.

या दोघींत शोधाचा गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत चौकडा असतो, दोन्हींत वेगळ्या रंगाचा काठ असतो, आणि छोट्या चित्रात दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. अशा वेळी तोच भाग पुन्हा पुन्हा शोधून उपयोग नाही, कारण प्रश्न तोच तर उत्तरही तेच येणार. साडीचा वेगळा भाग विचारायचा. म्हणून आम्ही पदराचं चित्र घेतलं आणि चौकट फक्त पट्ट्यांवर बसवली. महेश्वरीच्या पारंपरिक पदराला पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे, आलटून पालटून. काकूंनी बोट ठेवून मोजले, पाच भरले. शोधातही आता बहुतेक महेश्वरीच आल्या. आजकाल वेगळ्या धाटणीचे पदरही विणतात, त्यामुळे पट्टे पाच नसले म्हणून साडी महेश्वरी नाही असं धरू नका. पण पाच दिसले, सोबत तो चौकडा आणि तो अरुंद काठ असला, तर अंदाज चांगलाच भक्कम होतो.

मग चित्राला शब्दांची जोड दिली. लेन्सच्या निकालातच शब्द लिहायला जागा असते. तिथे आम्ही महेश्वरी आणि हँडलूम हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, कारण ऑनलाइन दुकानदार मालाची नावं बहुतेक तशीच लिहितात. आता चित्र आणि नाव दोन्ही जुळणाऱ्या साड्या वर आल्या.

इथं एका गोष्टीकडे लक्ष द्या. एकच फोटो, तीच बाई, साडीची तीच घडी, पण पाच दुकानांत पाच किमती, असं हमखास दिसतं. हुबेहूब तेच चित्र कुठे कुठे आहे, ते लेन्समध्ये वेगळं पाहता येतं. एकच फोटो सगळीकडे फिरत असेल, तर त्यातल्या बहुतेकांनी तो उचललेला असतो आणि साडी त्यांच्याकडे असेलच असं नाही. ज्या दुकानाने त्याच साडीचे स्वतः काढलेले चार-सहा फोटो टाकलेत, घडीचा, काठाचा, पदराचा, तिथं मी थांबते.

व्हिडिओच्या ऐवजी टीव्हीवरच्या मालिकेतली साडी असेल तर थोडी वेगळी अडचण येते. पैसे भरून बघायच्या काही ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेतला की चित्राच्या जागी काळा चौकोन येतो, कारण त्यांनी तशी बंदी घातलेली असते. मग लोक टीव्हीचाच फोटो काढतात. त्या फोटोत स्क्रीनच्या बारीक ठिपक्यांमुळे लाटांसारख्या रेषा उमटतात आणि महेश्वरीचा बारीक चौकडा त्यात पार बिघडतो. साध्या रंगाची, ठळक काठाची साडी अशा फोटोतून एखादवेळी सापडेल, चौकड्याची सापडणं कठीण. तसंच, मुलीला किंवा सुनेला "तू शोध" म्हणून स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवलात, तर तो दाबून लहान होतो आणि बारीक विणीची वाट लागते. पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि हे चित्र शोधासाठी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, हे ध्यानात असू द्या. स्क्रीनशॉटच्या वरच्या भागात कधी बँकेचा मेसेज डोकावत असतो, कधी कुणाचं नाव. ते आधी कापून टाका. घरच्या लग्नाच्या फोटोतून साडी शोधायची असेल तर माणसांचे चेहरे कापून फक्त कापड ठेवा. एवढी काळजी मला आवश्यकच वाटते.

आता राहिला सगळ्यात मोठा प्रश्न. दिसते महेश्वरी, पण आहे का महेश्वरी? इथं चित्रशोधाची हद्द संपते. त्याला रेघा आणि रंग कळतात, सूत कळत नाही. अहिल्याबाईंनी १८व्या शतकात महेश्वरला विणकर आणून वसवले, तिथे रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा अशी वीण रुजली. साडी हलकी पण सळसळती होते ती या मिश्रणामुळे. यंत्रमागावर कृत्रिम धाग्याची साडी विणून तिच्यावर तोच चौकडा आणि तोच काठ उतरवला, तर फोटोत ती जुळी बहीणच. लेन्स दोघींना एकाच रांगेत बसवेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पण एक खूण आपण मागून घेऊ शकतो. महेश्वरीचा पारंपरिक बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, मागून पुढून सारखा. छापलेला काठ मागे फिका पडतो, आणि काही विणलेल्या काठांना मागे सुटे धागे लोंबतात. म्हणून काकूंनी ज्या दुकानाशी बोलणं केलं, त्यांना तीनच गोष्टी मागितल्या. काठाचा उलट्या बाजूचा फोटो, साडी हातमागावरची असल्याची खूण म्हणजे हँडलूम मार्क, त्याच्या लेबलचा फोटो, आणि दिवसाच्या उजेडात साडी उलगडून काढलेला फोटो. एका दुकानाने "सेम टू सेम आहे मॅडम" एवढंच लिहिलं आणि उलट बाजू काही पाठवली नाही. काकूंनी तिथं बोलणं थांबवलं. दुसरं दुकान महेश्वरचंच होतं. त्यांनी तिन्ही फोटो पाठवले आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसत होता.

उजेडातल्या फोटोत रंग मात्र वेगळा निघाला. व्हिडिओत गुलबक्षी वाटणारी साडी प्रत्यक्षात डाळिंबी होती, कारण असे व्हिडिओ टाकताना रंग बऱ्याचदा भडक केलेले असतात. गुलबक्षी, डाळिंबी, अंगुरी ही नावं महेश्वरच्या दुकानांतही चालतात. काकूंनी फोनवर म्हटलं, "भैया, मला गुलबक्षी हवी, हाच काठ, हाच पदर." दुकानदाराने दोन साड्या ओट्यावर उन्हात टाकून व्हिडिओ कॉल केला आणि काकूंनी त्यातली एक निवडली. ब्लाउजचं कापडही त्यांनी तिथूनच मागवलं. इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये स्क्रीनवरचा रंग दाखवून जुळवत बसण्यापेक्षा एकाच दुकानातून दोन्ही घेणं त्यांना बरं वाटलं.